यात्तो, तोउतोउ, त्सुइनी: "शेवटी"च्या भाऊबंदांचा अपडेट

मागच्या वेळी म्हटलं होतं तसं या महिन्यात "शेवटी" वाली गँग घेतली, यात्तो, योउयाकु, तोउतोउ, त्सुइनी. जपानी शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत या चारींसमोर एकच अर्थ लिहिलेला असतो, आणि जपानीच्या परीक्षेतल्या एन२ लेव्हलपर्यंत त्याने भागतंही, पण सगळ्यात वरच्या एन१ चं वाचन सुरू झालं की खटकायला लागतं, कारण लेखक उगाच चार शब्द वापरत नाहीये हे दिसत असतं पण नेमकं काय वेगळंय ते डिक्शनरी सांगत नाही. डिक्शनरीत यात्तो बघायला जा तर योउयाकु लिहिलेलं, योउयाकु बघा तर यात्तो.

म्हणून खरी वाक्यं गोळा केली. सोर्स नेहमीचाच, तोक्योच्या पश्चिम भागातल्या ताचिकावातल्या राष्ट्रीय जपानी भाषा संस्थेचा लिखित जपानीचा कॉर्पस, साधारण १० कोटी शब्दांचा, पुस्तकं, पेपर, मासिकं, ब्लॉग, संसदेची कामकाज नोंद सगळं आहे त्यात. त्याच्या शोनागोन या वेबसाइटवर सर्च सोपा आहे पण तो नुसती अक्षरं जुळवतो, त्यामुळे कचरा भरपूर येतो. यात्तो शोधलं की "यात्तोइते" पण येतं, म्हणजे "करून ठेव", त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तोउतोउ शोधलं तर एक भारी गंमत, होन्तोउ तो उसो, म्हणजे "खरं आणि खोटं", हे सगळं हिरागानात लिहिलं की मधोमध तो-उ-तो-उ तयार होतं आणि सर्च ते इमानदारीत आणून देतो 😄 शिवाय त्सुइनी कांजीतही लिहितात, ते वेगळं शोधावं लागतं नाहीतर जुन्या वळणाचं लेखन सगळं सुटतं. हा वैताग नको असेल तर त्याच कॉर्पसची दुसरी सर्च साइट, चुनागोन घ्या, फुकट आहे, फक्त रजिस्ट्रेशन लागतं, शब्द म्हणून शोधता येतं आणि आजूबाजूचा मजकूर वाढवून बघता येतो. हे दुसरं फार महत्त्वाचं, का ते पुढे येईलच.

मी काय करतो, वाक्यं शीटमध्ये टाकतो, शब्दाच्या जागी रिकामी जागा ठेवतो, खरा शब्द बाजूच्या कॉलममध्ये लपवतो आणि काही दिवस बघतच नाही. मग परत येऊन भरतो. सुरुवातीला नजर त्या शब्दाच्या आसपास फिरते पण तिथे काही सापडत नाही, उत्तर बहुतेक वेळा वाक्याच्या शेपटीत असतं. क्रियापद होकारी आहे का नकारी, शेवटी "ते शिमात्ता" आहे का, "ते कुरेता" आहे का, तिकडे बघायला लागलो तशी गँग आपोआप फुटली.

सगळ्यात सोपं उदाहरण घ्या, "तो आला" आणि "तो आला नाही". "आला" ला चारही चालतात. "आला नाही" म्हणजे कोनाकात्ता लावा, यात्तो आणि योउयाकु दोघं बाद. तोउतोउ कोनाकात्ता चालतं, त्सुइनी कोनाकात्ता पण चालतं, फक्त ते जरा पुस्तकी वाटतं. का, तर यात्तोमध्ये बोलणाऱ्याची इच्छा बसलेली असते. मला हे व्हायला हवं होतं, वाट बघितली किंवा खपलो, आणि झालं, सुटलो. जे झालंच नाही त्यात सुटका कसली? (आता तो येऊच नये असं वाटत असेल तर? तरी चालत नाही, कारण काहीतरी बदल घडावा लागतो, आणि न येणं हा काही बदल नाही.) तोउतोउला इच्छेशी घेणंदेणं नाही, बरेच दिवस चाललेलं प्रकरण टोकाला पोचलं एवढंच.

यावर मराठीतला "एकदाचा" आठवला आणि मला वाटतं आपल्याला यात्तो कळायला याच्याइतकं जवळचं काही नाही. "पाऊस आला एकदाचा" म्हणजे वाट बघून डोळे शिणले होते, आणि "आला नाही एकदाचा" असं कोणी म्हणत नाही. जपानीत पण यात्तो आमे गा फुत्ता म्हणणारा माणूस शेतकरी किंवा पाणीटंचाईतला. तोउतोउ आमे गा फुरिदाशिता म्हणणारा सकाळपासून ढग बघत होता आणि आता भिजणार.

हाच फरक जीवावर बेततो ते मरणाच्या वाक्यात. खूप दिवस आजारी असलेले आजोबा गेले तर तोउतोउ नाकुनात्ता, अगदी बरोबर. तिथे यात्तो टाकलंत तर झालं "गेले एकदाचे", आणि समोरचा जपानी माणूस काही बोलणार नाही, फक्त थोडा वेळ गप्प होईल. व्याकरणात काहीच चूक नाही, म्हणूनच डेंजर.

आता आजूबाजूचा मजकूर का लागतो ते. शीटमध्ये काही वाक्यं अशी होती की "मुलगा झोपला" एवढंच दिसतंय, तोउतोउ का यात्तो कळायला मार्ग नाही. मागची चार वाक्यं उघडली की कळतं, आई त्याला झोपवायला धडपडतेय (यात्तो), का तो पाहुण्यांची वाट बघत जागा राहायचा प्रयत्न करत होता आणि पेंगत पेंगत गेला (तोउतोउ, आणि शेवटी नेते शिमात्ता). तुकड्यावरून निकाल लावू नका.

त्सुइनी मला लवकर जमला. त्याला घटना मोठी लागते आणि क्षण लागतो, पूल पूर्ण झाला, रेकॉर्ड मोडलं, नवीन मॉडेल बाजारात आलं. जाहिरातवाल्यांचा लाडका. आपल्या पेपरच्या हेडिंगमधला "अखेर" तोच. म्हणूनच कोणी घरात "त्सुइनी भांडी घासून झाली" म्हटलं की मस्करी वाटते, आणि लोक मुद्दाम मस्करीसाठी तसं वापरतातही, ब्लॉगच्या वाक्यांत हे सापडतं.

अडकलोय ते यात्तो आणि योउयाकुच्या जोडीत. ढोबळ सांगायचं तर योउयाकु जरा लिखित, शांत, आणि हळूहळू झालेला बदल दाखवणारा. योउयाकु सुझुशिकु नात्ते किता म्हणजे "हवेत गारवा यायला लागलाय", पेपरमध्ये छापता येईल असं. यात्तो म्हणणारा घाम पुसतोय. पण रिकाम्या जागेत दोन्ही बसतात अशी वाक्यं खूप आहेत आणि तिथे माझा अंदाज म्हणजे नाणेफेक. एकच पक्की जागा सापडली, "जेमतेम" वाला अर्थ. तात्ते इरु नो गा यात्तो दा, म्हणजे उभं राहणंच कसंबसं जमतंय, इथे योउयाकु बसत नाही.

एक टीप, जपानी मित्रांना "फरक काय?" विचारू नका, "सेम आहे" म्हणतात आणि विषय संपतो. त्याऐवजी वाक्यात शब्द बदलून द्या आणि विचारा की हे कोण बोलतंय, कुठल्या मूडमध्ये. माझ्या टँडम पार्टनरने यात्तोवाल्या वाक्याला लगेच "हा दमलाय" म्हटलं, योउयाकुवाल्याला "हा लिहितोय". कॉर्पसमधून हे निघालं नसतं, कारण तिथे लोकांनी वापरलेलं तेवढंच दिसतं, काय विचित्र वाटेल ते दिसत नाही.

पुढची शीट केक्क्योकु आणि तोउतोउची, दोन्ही "आला नाही" ला चालतात, पण केक्क्योकु मधली वाट बघणं पुसून टाकतो आणि फक्त निकाल सांगतो असा संशय आहे. कोणाकडे आधीच गोळा केलेली वाक्यं असतील तर टाका, शक्यतो पूर्ण परिच्छेदासकट.