तुम्ही विचारलंत म्हणून: सेशन तोडलं कोणी?

"मॅडम, प्रोव्हायडरबरोबरचं आमचं बीजीपी सेशन दर तीन-चार मिनिटांनी पडतं आणि आपोआप उठतं. ते म्हणतात लाइन क्लीन आहे, तुमचं कॉन्फिग बघा. दोष लाइनचा की कॉन्फिगचा, हे लॉगवरून कसं ओळखायचं?"

लॉगमधला मजकूर मी नंतर वाचते, आधी घड्याळ वाचते. सेशन 'Up' झाल्याची वेळ आणि त्यानंतर 'Down' झाल्याची वेळ, एवढ्याच दोन गोष्टी कागदावर उतरवायच्या आणि वजाबाकी करायची. पाच-सहा जोड्या पुरतात. फायबरचा कनेक्टर ढिला असेल किंवा रस्त्याच्या खोदकामात केबल दुखावली असेल, तर उत्तरं कशीही येतात: एकदा चाळीस सेकंद, एकदा अकरा मिनिटं, मग दुपारभर शांतता. आजारी लाइनला वेळ पाळता येत नाही. दर वेळी तीन मिनिटं आणि वर एखादा सेकंद असंच उत्तर येत असेल, तर तिथे कुठलातरी टायमर संपतोय.

तो टायमर म्हणजे होल्ड टायमर. समोरच्याकडून ठरावीक वेळात काहीच ऐकू आलं नाही तर राउटर सेशन सोडून देतो. सिस्कोमध्ये तो मुळात १८० सेकंदांचा असतो आणि दर ६० सेकंदांनी कीपअलाइव्ह जातो. जुनिपरमध्ये ९० आणि ३०. सेशन उभं राहताना दोन्ही बाजू आपापला आकडा सांगतात आणि लहान असेल तो दोघांना लागू होतो. त्यामुळे "तुमचा १८० आहे, आमचा ९० आहे, मिसमॅच आहे म्हणून पडतंय" असं कोणी सांगितलं तर त्यावर वेळ घालवू नका. टायमर जुळले नाहीत म्हणून ओएसपीएफ अडतं, बीजीपी अडत नाही. फक्त वजाबाकी करताना कॉन्फिगमधला आकडा धरायचा नाही, `show ip bgp neighbors` मध्ये दिसणारा, प्रत्यक्ष ठरलेला आकडा धरायचा.

आता आमच्याकडचा किस्सा सांगते, कारण तुमचं वर्णन त्याच्याशी फारच जुळतंय. आम्ही जिल्ह्याच्या गावातले छोटे इंटरनेटवाले. पुण्याहून एक मोठी लाइन, आणि दुसऱ्या प्रोव्हायडरची एक बारीक बॅकअप लाइन. मोठ्या लाइनवर आम्ही फुल टेबल घेतो, म्हणजे जगातले सगळे, दहा लाखांच्या घरातले रूट. एका रात्री दोननंतर हे सुरू झालं (पत्ता बदललाय, बाकी ओळी तशाच):

```
02:14:07 %BGP-5-ADJCHANGE: neighbor 203.0.113.1 Up
02:17:08 %BGP-3-NOTIFICATION: sent to neighbor 203.0.113.1 4/0 (hold time expired) 0 bytes
02:17:08 %BGP-5-ADJCHANGE: neighbor 203.0.113.1 Down BGP Notification sent
02:17:41 %BGP-5-ADJCHANGE: neighbor 203.0.113.1 Up
02:20:42 %BGP-3-NOTIFICATION: sent to neighbor 203.0.113.1 4/0 (hold time expired) 0 bytes
```

तीन मिनिटं एक सेकंद, पुन्हा तीन मिनिटं एक सेकंद. सकाळपर्यंत असंच.

प्रोव्हायडरच्या नॉकला फोन लावला. तिकडचा मुलगा सौजन्याने म्हणाला, "मॅडम, आमच्या लॉगमध्ये स्पष्ट दिसतंय, नोटिफिकेशन तुमच्याकडूनच येतंय. तुमचाच राउटर सेशन तोडतोय." आणि ते खरंही होतं. त्याच्या स्क्रीनवर `received from neighbor` दिसत होतं, आमच्या स्क्रीनवर `sent to neighbor`. निम्मी भांडणं इथेच अडकतात. ज्याने नोटिफिकेशन पाठवलं तो गुन्हेगार, असं दोन्हीकडे धरलं जातं. पण कोड `4/0` असेल तर अर्थ उलटा होतो. फोनवर 'हॅलो, हॅलो' करून आवाज येत नाही म्हणून जो ठेवून देतो, त्याच्या कानाशी काही पोचलेलं नसतं. आमच्या राउटरला तीन मिनिटं काही ऐकू आलं नाही. म्हणजे बिघाड प्रोव्हायडरकडून आमच्याकडे येणाऱ्या दिशेत आहे, एवढं त्या एका `sent` वरून कळलं. (दोघांचे लॉग शेजारी ठेवताना त्यांचं घड्याळ यूटीसीवर आहे का ते विचारून घ्या. साडेपाच तासांचा फरक लक्षात न घेता मी एकदा अर्धी सकाळ भलत्याच ओळी जुळवत बसले होते.)

कोड दुसरा असता तर मी वेगळीकडे गेले असते. `6` ने सुरू होणारा म्हणजे कोणीतरी किंवा कुठल्यातरी नियमाने मुद्दाम बंद केलंय. त्यातला `6/1` म्हणजे ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रूट आले. हे शुद्ध कॉन्फिग. पासवर्ड चुकला असता तर सेशन उभंच राहिलं नसतं, त्यामुळे उठून पडणाऱ्या सेशनमध्ये पासवर्ड तपासत बसण्यात अर्थ नाही. आणि नोटिफिकेशनऐवजी `Down Interface flap` असं दिसलं, त्याच्या क्षणभर आधी `%LINEPROTO-5-UPDOWN` ची ओळ असली, तर सरळ लाइनमनला बोलवायचं.

अशी ओळ आमच्याकडे नव्हती. पण ती नाही म्हणून लाइन निर्दोष, असंही म्हणता येत नाही. आमच्या रॅकमध्ये फायबर आधी मीडिया कन्व्हर्टरमध्ये येतं आणि तिथून कॉपरने राउटरला जातं. पलीकडे फायबर तुटलं तरी कन्व्हर्टर आणि राउटरमधला दिवा हिरवाच राहतो. मात्र फायबरच गेलं असतं तर सेशन अर्ध्या मिनिटात परत उठलं नसतं. आमचं दर वेळी उठत होतं. सीआरसी एररचा आकडा रात्रभर हलला नव्हता, पिंगचा एकही पॅकेट पडत नव्हता.

मग असं काय आहे, ज्यातून पिंग जातो, सेशन उभं राहतं, पण तीन मिनिटं कीपअलाइव्ह येत नाही? सेशन वर असताना `show ip bgp summary` मारलं. शेवटच्या रकान्यात, जिथे काही सेकंदांतच आकडा लाखांत पळायला हवा, तिथे शून्य. मिनिटभराने पुन्हा बघितलं, तरी शून्य. तेव्हा माझ्या डोक्यात एमटीयू आला.

बीजीपीचा ओळखपाळखीचा संवाद छोटा असतो. कीपअलाइव्ह तर अवघा १९ बाइटचा. सेशन उभं राहिलं की प्रोव्हायडरचा राउटर टेबल ओतायला लागतो आणि तेव्हा पहिल्यांदा १५०० बाइटचे भरगच्च पॅकेट निघतात. वाटेतल्या एखाद्या स्विचला ते मावत नसतील तर तो ते गुपचूप टाकून देतो. स्विच आहे, राउटर नाही, त्यामुळे 'पॅकेट मोठं आहे' असा निरोपही मागे पाठवत नाही. टीसीपी तेच पॅकेट, तेवढंच मोठं, पुन्हा पुन्हा पाठवतो. कीपअलाइव्ह लहान असला तरी त्याच टीसीपीच्या रांगेत, त्या अडकलेल्या पॅकेटच्या मागे. एकपदरी घाटात कंटेनर आडवा झाला की मागच्या गाड्यांची जी गत होते ती, फक्त इथे दुचाकीलाही कडेने निघायची मुभा नाही. कीपअलाइव्ह आमच्यापर्यंत आला तरी मधलं भगदाड भरल्याशिवाय टीसीपी तो बीजीपीच्या हातात देत नाही. १८० सेकंद संपतात, आमचा राउटर फोन ठेवतो, आणि पहिल्यापासून सुरू.

सिस्कोचा साधा पिंग १०० बाइटचा असतो. नॉकने हजार पिंग मारून 'झिरो लॉस' दाखवलं होतं ते याच मापाचं. मी आकार वाढवून आणि तुकडे करायला मनाई करून मारला:

```
ping 203.0.113.1 size 1500 df-bit
ping 203.0.113.1 size 1496 df-bit
```

पहिल्याला पाचही टिंब, म्हणजे एकही उत्तर नाही. दुसऱ्याला पाचही उद्गारचिन्हं. १४९७ ला पुन्हा टिंब. (लिनक्सवरून मारणार असाल तर तिथे `-s` नंतरच्या आकड्यात २८ बाइटची हेडरं धरलेली नसतात, १५०० साठी १४७२ लिहायचं.) नेमके चार बाइट कमी पडत होते, आणि चार बाइट म्हणजे एक व्हीएलॅन टॅग. मधल्या कुठल्यातरी स्विचवर आमच्या फ्रेमला एक जास्तीचा टॅग लागत होता आणि त्या टॅगपुरती जागा तिथे ठेवलेली नव्हती.

हे सांगितल्यावरही नॉक मानेना. त्यांनी स्वतःच एक प्रयोग सुचवला: फुल टेबल बंद करून फक्त डिफॉल्ट रूट पाठवतो. सेशन चाळीस मिनिटं हललं नाही. फोनवर विजयी स्वर: "बघा मॅडम, तुमच्या राउटरला फुल टेबल झेपत नाहीये." या प्रयोगापासून सावध राहा; तो दोन्ही बाजूंनी वाचता येतो. राउटरची मेमरी कमी पडत असती तर रूटचा आकडा आधी लाखांत चढला असता आणि मग कोसळला असता, लॉगमध्ये मेमरीची तक्रारही आली असती. आमच्याकडे आकडा शून्यावरून हललाच नव्हता. एक डिफॉल्ट रूट शंभरेक बाइटच्या पॅकेटमध्ये बसतो, म्हणून सेशन टिकलं.

शेवटी त्यांच्या ट्रान्समिशन विभागातल्या एका जुन्या माणसापर्यंत पोचले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: किती बाइटला तुटतं, आणि कधीपासून. त्या रात्री दोन वाजता मधल्या एका ठाण्यावरचा स्विच बदलला होता. नव्या स्विचच्या पोर्टवर 'मोठ्या फ्रेम टाकल्या' हा काउंटर त्यांच्या डोळ्यांसमोर वाढत होता.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं आमच्यापुरतं उत्तर असं की दोष कॉन्फिगचाच होता, पण आमच्याही नाही आणि समोरच्या राउटरच्याही नाही. मधल्या अशा एका डब्याच्या कॉन्फिगचा, जो दोघांच्याही लॉगमध्ये कधी दिसत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत मी आमच्या इंटरफेसवर `ip mtu 1496` लावलं. त्याने आमचा राउटर सेशन जोडतानाच 'मला १४५६ पेक्षा मोठा सेगमेंट पाठवू नका' असं सांगतो, आणि टेबल सुरळीत उतरलं. पण ही मलमपट्टी फक्त राउटरच्या स्वतःच्या संवादापुरती. ग्राहकांकडे येणारे १५०० चे पॅकेट मधल्या स्विचवर पडणारच होते, उलट सेशन टिकल्यामुळे आता सगळा ट्रॅफिक त्याच वाटेने गेला असता आणि लोकांच्या वेबसाइट अर्ध्या उघडून थांबल्या असत्या. म्हणून त्याच इंटरफेसवर `ip tcp adjust-mss 1456` टाकलं आणि तरीही शक्य तितका ट्रॅफिक बॅकअपवरच ठेवला. दुपारी चारला त्यांनी पोर्टचा एमटीयू वाढवला, मी दोन्ही ओळी काढल्या, आणि १५०० चा पिंग गेला. संध्याकाळी तिकीट बंद झाल्याचा मेल आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: ग्राहकाच्या बाजूने सेशन पूर्ववत.