दुपारचं लग्न आणि माझा टक्सीडो

मागच्या जूनमध्ये ऑफिसातल्या मित्राचं लग्न होतं. यॉर्कजवळच्या गावात, चर्चमध्ये, दुपारी एक वाजता. पत्रिकेच्या तळाशी लिहिलं होतं, ‘मॉर्निंग ड्रेस’. मी निश्चिंत होतो, कारण भावाच्या रिसेप्शनसाठी पुण्यात शिवून घेतलेला काळा टक्सीडो कपाटात होता. बाह्या जरा लांब वाटत होत्या, म्हणून तो घेऊन कपडे भाड्याने देणाऱ्या एका दुकानात गेलो. तिथे एक वयस्कर टेलर बसतात.

त्यांनी कोट हातात घेतला आणि बाहीकडे पाहिलंच नाही. लेपल, म्हणजे छातीवर उलटलेली कॉलरची पट्टी, दिव्याखाली धरली. साटीन चकाकलं. “लग्न किती वाजता आहे?” मी वेळ सांगितली. “मग हा नाही चालायचा. रेशमी लेपल संध्याकाळची. दिवसाच्या कोटाची लेपल कोटाच्याच कापडाची असते.”

त्यांनी हँगरवरचा मॉर्निंग कोट काढून माझ्या कोटाशेजारी ठेवला. त्याची लेपल टोकदार, पण चमक कुठेच नाही. पुढे एकच बटण, तिथून कापड तिरकं कापत मागे गेलेलं आणि शेपटीसारखा भाग गुडघ्याच्या मागपर्यंत आलेला. टक्सीडो आणि डिनर जॅकेट यांत काय फरक, हेही तेव्हाच विचारून घेतलं. कपडा एकच, नावं दोन. इंग्लंडमध्ये डिनर जॅकेट म्हणतात. अमेरिकेतलं नाव न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्कवरून पडलं. 1880 च्या दशकात तिथल्या क्लबातल्या लोकांनी हा आखूड कोट रुळवला. पत्रिकेवर ‘ब्लॅक टाय’ असेल तर हाच घालायचा.

मला वाटत होतं की काळा, चकचकीत, बो लावलेला म्हणजे टक्सीडोच सगळ्यात औपचारिक. तसं नाही. संध्याकाळी सर्वांत वर असतो व्हाइट टायचा शेपटीवाला कोट. दिवसा त्याच्या तोडीचा मान मॉर्निंग ड्रेसला. डिनर जॅकेट दोघांच्या एक पायरी खाली. म्हणजे मी चुकीच्या वेळेचा कपडा घालणार होतो आणि तोही मित्राने सांगितलेल्यापेक्षा कमी मानाचा.

मग मापं सुरू झाली. कोट काळा, पँट राखाडी, बारीक उभ्या रेघांची. मॉर्निंग सूट हा शब्द मात्र नेमका वापरायचा तर कोट, पँट, वेस्टकोट सगळं एकाच राखाडी कापडाचं असतं. नवरदेवाकडच्या मंडळींनी तोच घेतला होता. वेस्टकोट मी फिकट राखाडी निवडला. दिवसाचा वेस्टकोट वरपर्यंत बंद होतो, त्यावर साधा लांब टाय.

अडचण आली ती कमरेला. मी पँट नेहमीसारखी खाली नेसली आणि हात वर केला, तर वेस्टकोटखाली शर्टाची पांढरी पट्टी दिसायला लागली. कोट पुढून कापलेला असल्यामुळे ती झाकायला काहीच नाही. टेलर म्हणाले, ही पँट बेंबीपर्यंत चढवायची आणि गॅलसवर टांगायची. पट्टा लावायचाच नाही. तशी चढवल्यावर वेस्टकोट कमरपट्टीवर दोन बोटं बसला आणि पट्टी दिसेनाशी झाली. भाड्याने घेणाऱ्यांनी दुकानातच हात वर करून, खुर्चीत बसून पाहावं.

लग्न छान पार पडलं. नोव्हेंबरात कंपनीचं जेवण होतं, ‘ब्लॅक टाय’. आता टक्सीडोची पाळी होती. तो टेलरकडे नेला, तेव्हा पँटचे दोष निघाले. पुण्यात ती साध्या सूटच्या पँटसारखी शिवली होती: पट्ट्यासाठी लूप होते आणि बाहेरच्या शिवणीवर रेशमी पट्टी नव्हती. डिनर जॅकेटच्या पँटला कमरेपासून खालपर्यंत एकच पट्टी लागते, लेपलच्याच जातीच्या रेशमाची. माझी लेपल साटीनची, म्हणून पट्टीही साटीनची लावली. लूप उसवून आत गॅलसची बटणं बसवली. लेपलला खाच होती, टोकदार किंवा गोल सलग हवी होती. पण ती बदलायची तर नवा कोट शिवल्यासारखं झालं असतं, म्हणून तशीच ठेवली.

वेस्टकोटचं काय? संध्याकाळचा वेस्टकोट पुढून खोल कापलेला असतो, शर्टाची छाती दिसावी म्हणून. तो माझ्याकडे नव्हता. टेलरनी काळी, चुण्यांची रेशमी पट्टी कमरेला गुंडाळली आणि म्हणाले, “कमरबंड.” मी म्हटलं, हा तर आमचा कमरबंद! इथले गोरे अधिकारी हिंदुस्थानात उकाड्यात वेस्टकोटऐवजी तो बांधायचे आणि नावासकट घरी घेऊन आले. “चुण्यांची तोंडं वर ठेवायची,” एवढं सांगून त्यांनी मागचा हूक अडकवला.