माटोळीखालचा दिवा : छायाचित्रावरून कंदील, पेट्रोमॅक्स आणि काचेचा दिवा ओळखण्याच्या नोंदी

माझ्या संग्रहातील छायाचित्र क्रमांक १४ खाली गेली दोन वर्षे मी स्वतःच्या हाताने लिहिलेली ‘कंदील’ अशी चिठ्ठी होती आणि ती चुकीची होती. चूक कशी झाली आणि कशी लक्षात आली, हे येथे सविस्तर लिहीत आहे, कारण हीच चूक करणाऱ्या आणखी दोन संग्राहकांची छायाचित्रे अलीकडे पाहण्यात आली.

छायाचित्र फोंडा तालुक्यातील एका घराच्या चौकीतील, चतुर्थीच्या दिवशी दुपारी काढलेले आहे. कृष्णधवल असून आकार पोस्टकार्डाएवढा आहे. गणपतीच्या वर फळे, फुले व पाने टांगलेली लाकडी चौकट, म्हणजे माटोळी, बांधलेली आहे, तिच्या उजव्या टोकाशी आकड्याला एक दिवा टांगलेला आहे आणि मागच्या कोनाड्यात उंच काचेचा दुसरा दिवा अर्धा दिसतो. समोर, अर्थातच, समई आहे. दुपारची वेळ असल्याने समई सोडून एकही दिवा पेटलेला नाही. प्रकाशाच्या रंगावरून किंवा तेजावरून काही ठरवण्याची सोय नव्हती आणि जे काही ठरवायचे ते आकारावरूनच ठरवावे लागणार होते.

घरच्या आजी त्या टांगलेल्या दिव्याला ‘पेट्रोमॅक्स’ म्हणाल्या होत्या. मी ते मनावर घेतले नाही. पेट्रोमॅक्स हे मुळात बर्लिनच्या एका कारखान्याच्या दिव्याचे नाव, पण आपल्याकडे पंप मारून पेटवायच्या प्रत्येक गॅसबत्तीला तेच नाव चिकटले आहे, आणि काही घरांत तर टांगायच्या कोणत्याही मोठ्या दिव्याला. शिवाय चित्रात काचेच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. दोन बाजूंना दोन नळ्या म्हणजे वादळी कंदील, हा नियम मला पाठ होता आणि त्या नियमानेच मला फसवले.

या नळ्या कशासाठी असतात ते आधी सांगतो, म्हणजे त्या कशा दिसायला हव्यात हेही कळेल. कंदिलाची वात सपाट असते आणि ज्योत उघडी पडू नये म्हणून तिच्याभोवती पिंपासारखी फुगीर काच व वर पत्र्याचे झाकण असते. ज्योतीला लागणारी हवा थेट खालून घेतली तर वाऱ्याची झुळूक ज्योत विझवते. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जॉन आयर्विन याने हवा वरून घेऊन बाजूच्या दोन पोकळ नळ्यांतून खाली बर्नरपर्यंत आणण्याची रचना केली. त्यामुळे वारा कोणत्याही दिशेने आला तरी आत जाणारी आणि बाहेर पडणारी हवा यांवरचा दाब साधारण सारखाच राहतो आणि ज्योत हलत नाही. आता ही नळी हवेची वाट असल्यामुळे ती बारीक असून चालत नाही. मोठ्या कंदिलात ती दीड-दोन सेंटिमीटर रुंद असते, वर बाहेरच्या बाजूने वळून झाकणाखालच्या डब्यात शिरते आणि खाली टाकीच्या खांद्यापर्यंत येते. तांब्याच्या तपेल्याला दोन्हीकडून कान असावेत, तशी ही बाह्यरेषा दिसते. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांनी हाताळला आहे, त्यांना हे वळण डोळे मिटूनही आठवेल.

गेल्या महिन्यात मी मूळ प्रत १२०० डीपीआयला पुन्हा स्कॅन केली. टांगलेला दिवा कागदावर ११ मिलिमीटर उंच आहे, म्हणजे पडद्यावर सुमारे ५२० पिक्सेल मिळाले. मापासाठी शेजारचा सोललेला नारळ घेतला, जो १५० पिक्सेल भरला. नारळ १२ सेंटिमीटरचा धरला तर दिवा सुमारे ४२ सेंटिमीटर उंच येतो. नारळ दिव्यापेक्षा थोडा पुढे असेल तर तो मोठा दिसतो आणि दिव्याचे माप प्रत्यक्षाहून कमी येते, त्यामुळे या आकड्यावर मी फार भार टाकत नाही. तरीही त्यातून एक गोष्ट निश्चित झाली. पंचवीस-सव्वीस सेंटिमीटरचा लहान कंदील हा नव्हे. उरतो तो एकतर मोठा कंदील, जो ३८ सेंटिमीटरपर्यंत असतो, किंवा ५०० कँडलपॉवरचा पेट्रोमॅक्स, जो साधारण ४० सेंटिमीटर असतो. केवळ उंचीवर निकाल लागत नाही, हे यावरून दिसेलच.

त्यानंतर त्या दोन उभ्या रेषांची जाडी मोजली. दोन्ही सहा पिक्सेल, म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षाही किंचित कमी. नळी असती तर वीस-पंचवीस पिक्सेल भरायला हवी होती. शिवाय या रेषा वर जाऊन झाकणाखाली शिरत नाहीत. त्या झाकणाच्या बाहेरून वर जातात आणि आकड्यापाशी एकत्र येतात. त्या नळ्या नव्हेत, दिवा टांगायच्या कडीच्या तारा आहेत. कडी ताठ ओढली गेली की ती काचेला समांतर उभी राहते, आणि अस्पष्ट छायाचित्रात तिलाच नळी समजण्याचा मोह होतो. दोन वर्षांपूर्वी मी ३०० डीपीआयच्या स्कॅनवर, पडद्यावर चौपट मोठे करून हे पाहिले होते. त्या स्कॅनमध्ये एक तार जेमतेम दीड पिक्सेल येते. त्यापुढे जे दिसले ते संगणकाने पसरवलेले करडेपण होते, तार नव्हे.

आता टाकी. कंदिलाची टाकी बसकी, पसरट आणि बहुधा कडेला घडी असलेली असते, कारण तिला फक्त रॉकेल धरून ठेवायचे असते. गॅसबत्तीच्या टाकीत हवा दाबून भरलेली असते आणि दाबाखालचा सपाट पत्रा फुगतो, म्हणून ती टाकी जाड पितळेची, गोलसर आणि भरीव दिसणारी करतात. चित्रातील टाकी पेरूसारखी गोल आहे आणि तिच्या खांद्यावर उजेडाची एकच धारदार रेघ आहे, जी निकेलचा मुलामा दिलेल्या पितळेवर दिसते, रंगवलेल्या किंवा गंजू लागलेल्या पत्र्यावर सहसा दिसत नाही. या चकाकीला मी दुय्यम पुरावा मानतो, कारण नवा कोरा कंदीलही कधी कधी चमकतो.

खरा पुरावा डाव्या बाजूला बाहेर आलेल्या एका लहान बोंडात सापडला. येथे काळजी घ्यावी लागते. कंदिलालाही एक बोंड असते, ते वात वर-खाली करण्याचे. पण ते टाकीतून निघत नाही. टाकीच्या वर, काचेच्या तळाशी असलेल्या बर्नरमधून बारीक तारेवर ते बाहेर येते. पेट्रोमॅक्सलाही त्याच उंचीवर एक चाक असते, ज्याने रॉकेलची वाट उघडतात आणि पिन मारतात. म्हणून टाकी आणि काच यांच्या मधल्या मानेपाशी दिसणाऱ्या चाकावरून काहीच सिद्ध होत नाही. या चित्रातील बोंड मात्र खुद्द टाकीच्या अंगातून, तिरकस बाहेर आलेले आहे. ती पंपाची मूठ आहे. वातीच्या दिव्याला पंपाची गरजच नसते, त्यामुळे हे एक चिन्ह मिळाले की बाकीची चर्चा मिटते.

उलट तपासणी म्हणून काचेच्या आत पाहिले. कंदिलात बर्नरची घुमटी काचेच्या तळाशी बसते आणि तिच्या वरची जागा मोकळी असते, कारण ज्योत खालून वर वाढते. पेट्रोमॅक्समध्ये रॉकेल एका उभ्या नळीतून वर चढते, तापून वायुरूप होते आणि वरून खाली येऊन मेंटलमध्ये, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या जाळीत, जळते. मेंटल वरच्या चिनी मातीच्या तोटीला बांधलेले, खाली लोंबणारे असते. चित्रात काचेच्या मध्याच्या किंचित बाजूला एक काळी उभी रेघ आहे आणि वरच्या भागात काहीतरी फिकट लोंबते आहे, तर तळाशी घुमटी नाही. मेंटल दिसले नसते तरी मी निर्णय बदलला नसता. एकदा जळलेले मेंटल म्हणजे राखेची जाळी, ती धक्क्याने गळून पडते, आणि दिवसा टांगलेल्या कित्येक दिव्यांत ती नसतेच. आजी बरोबर होत्या, हे त्यांना फोन करून सांगितले. त्यांना त्याचे काही नवल वाटले नाही.

कोनाड्यातील दुसरा दिवा सोपा होता. त्याच्या काचेवर झाकण नाही, ती वर उघडी आहे, बुडाशी फुगीर आणि वर अरुंद होत गेलेली आहे आणि तिची उंची रुंदीच्या चौपट तरी असावी. ही उंची शोभेसाठी नसते. उंच काचेतून गरम हवा जोराने वर ओढली जाते आणि त्या ओढीने खालून ताजी हवा बर्नरच्या भोकांतून वातीला मिळते. कंदिलाचे काम नळ्या करतात, येथे ते काचेची उंची करते. बाहेरच्या वाऱ्यापुढे ही व्यवस्था टिकत नाही, म्हणून असा दिवा कोनाड्यात, टेबलावर किंवा भिंतीवर दिसतो, आकड्याला उघड्यावर नाही. तेलाची टाकी पायावर उंच बसवलेली आहे आणि ज्योतीची जागा तिच्या बरीच वर आहे, म्हणून हा रॉकेलचाच दिवा. खोबरेल तेल दाट असते, ते वातीतून फार वर चढत नाही, आणि म्हणूनच समईत ज्योत तेलाच्या अगदी कडेला असते.

त्याच घरातील त्याच रात्रीच्या आरतीचे दुसरे छायाचित्र आता हाती आले आहे. त्यात टांगलेल्या दिव्याच्या जागी केवळ एक पांढरा गोळा दिसतो. हे तेज एकट्याने पुरावा ठरत नाही, कारण कॅमेऱ्याचे झाकण पुरेसा वेळ उघडे ठेवले तर साध्या कंदिलाचाही असाच गोळा होतो. मात्र त्याच चौकटीत समईच्या ज्योती लहान, वेगळ्या आणि मोजता येण्याजोग्या आहेत, आणि मागच्या भिंतीवर माणसांच्या सावल्या काळ्याभोर, टोकदार कडांच्या पडल्या आहेत. समईच्या ज्योती स्पष्ट राहून शेजारच्या दिव्याचा मात्र असा पांढरा गोळा होतो, याचा अर्थ त्या दोघांच्या तेजात फार मोठे अंतर आहे. कंदिलाची वात समईच्या काही ज्योतींएवढाच उजेड देते.

या पद्धतीने मी जुन्या नोंदींपैकी तीन चिठ्ठ्या बदलल्या. दोन ‘कंदील’ पेट्रोमॅक्स ठरले. एक ‘पेट्रोमॅक्स’ मात्र अलादीन निघाला. अलादीनमध्ये मेंटल असते, पण पंप नसतो. त्यात वर्तुळाकार वात असते आणि तिच्या ज्योतीने मेंटल तापते, त्यामुळे मेंटल लोंबत नाही, बर्नरवर उभे असते, आणि वर उंच उघडी काच असते. पांढरा उजेड पाहून मी त्याला गॅसबत्ती म्हटले होते. टाकीतून पंपाची मूठ निघते का, हे तेव्हा पाहिलेच नव्हते.

क्रमांक ३१ अजून अनिर्णित आहे. त्यात डिचोलीजवळच्या एका दशावतारी प्रयोगातील दिवा आहे, जो पूर्ण पांढरा झालेला आहे आणि ज्याची टाकी एका कलाकाराच्या मुकुटामागे लपली आहे. चौकटीत समई किंवा दुसरी कोणतीही ज्योत नाही, त्यामुळे तुलनाही करता येत नाही. प्रयोगाच्या रूढीवरून तो पेट्रोमॅक्स असण्याची शक्यता मोठी आहे, पण चिठ्ठीवर मी ‘दाबाचा दिवा, बहुधा’ एवढेच लिहिले आहे आणि त्याच रात्रीचे, दुसऱ्या कोनातून काढलेले छायाचित्र कोणाकडे असेल तर त्याच्या शोधात आहे.