रिटेन्शन बोनस परत करताना ग्रॉस द्यायचा का नेट?

"दादा, कंपनीने दिलेला रिटेन्शन बोनस घेतलाय, आता मुदतीआधी सोडतोय तर एचआर पूर्ण रक्कम मागतंय, पण माझ्या हातात तर टॅक्स कापूनच आले होते, मग पूर्ण का द्यायचे?"

तुम्ही विचारलंत म्हणून माझ्या मावसबहिणीची केस सांगतो. मी पुण्यात पेरोलमध्ये 11 वर्षं काम करतोय त्यामुळे तिचे सगळे कागद माझ्याकडेच आले होते.

तिला सप्टेंबर 2023 च्या पगारात 6 लाख बोनस आला, अट अशी की 31 ऑगस्ट 2025 पर्यंत थांबायचं. बोनस हा पगारच, त्यामुळे मिळाला त्याच महिन्यात टीडीएस कापला गेला, तिचा स्लॅब 30 टक्के आणि वर सेस म्हणजे 31.2, हातात आले 4 लाख 12 हजार 800. तिने 31 ऑक्टोबर 2024 ला नोकरी सोडली म्हणजे 24 पैकी 14 महिने थांबली होती. तरी कंपनीने पूर्ण 6 लाख मागितले, कारण अ‍ॅग्रीमेंटमध्ये "ग्रॉस अमाउंट" असा शब्द होता आणि प्रोरेटा, म्हणजे थांबलेले महिने वजा करून वसुली, असं कुठेच नव्हतं. सही करताना हे दोन शब्द कुणी बघत नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्या एका ओळीत 1 लाख 87 हजारांचा प्रश्न असतो.

तिने 2023 च्याच डिसेंबरमध्ये सोडलं असतं तर सोपं होतं, आर्थिक वर्ष एकच, पेरोलमध्ये बोनस उलटा फिरवला की टॅक्सही आपोआप कमी होतो आणि फॉर्म 16 मध्ये बोनस दिसतच नाही. वर्ष बदललं की अडचण. मागच्या वर्षीचा फॉर्म 16 निघालेला, रिटर्न भरलेलं, टॅक्स सरकारजमा झालेला, आणि कंपनी म्हणते तो तुझा टॅक्स, तू बघ.

अशा वेळी बघायचं ते फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबाच्या स्लिपमध्ये. वसुली "अर्निंग्ज"च्या बाजूला मायनसमध्ये दाखवली असेल तर चालू वर्षाचा करपात्र पगार तेवढा कमी होतो आणि टॅक्स सुटतो. ती "डिडक्शन्स"मध्ये असेल, पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्सच्या खाली, तर कंपनीने टॅक्स पूर्ण पगारावर कापलाय आणि मग 6 लाख काढलेत, म्हणजे जे तुमच्याकडे राहिलंच नाही त्यावरही टॅक्स तुम्ही भरताय. बहिणीच्या पहिल्या स्लिपमध्ये ती डिडक्शन्समध्येच होती. तिने पेरोलला मेल केला की ही वसुली पगारातून वजा दाखवा, दोन आठवडे ये-जा चालली, आणि शेवटी त्यांनी बदललं. नव्या नोकरीचा पगार धरून ती त्या वर्षीही 30 टक्क्यांतच होती म्हणून जवळजवळ सगळा टॅक्स सुटला, पण पुढच्या वर्षी उत्पन्न कमी असणाऱ्याला तेवढा फायदा मिळणार नाही हे लक्षात ठेवा. आणि नव्या कंपनीला फॉर्म 12बी, म्हणजे आधीच्या नोकरीच्या पगाराचा तपशील देताना पगाराचा हा कमी झालेला आकडाच द्या.

कंपनीने नकारच दिला तर? 2017 मध्ये अहमदाबादच्या आयकर न्यायाधिकरणाने नोटीस पे, म्हणजे नोटीस पिरियड पूर्ण न केल्याबद्दल कापलेल्या पगाराच्या केसमध्ये म्हटलंय की कापून गेल्यावर जो पगार खरंच मिळाला त्यावरच कर. त्या आधारावर रिटर्नमध्ये दावा करता येतो, पण ती केस नोटीस पेची होती, बोनसची नाही, आणि फॉर्म 16 शी आकडा जुळत नाही म्हणून आयकर खात्याची नोटीस येऊ शकते, त्यामुळे हा रस्ता सीएला विचारूनच धरा. वसुलीवर जीएसटी मात्र लागत नाही, नोटीस पे आणि बाँडच्या वसुलीबद्दल ऑगस्ट 2022 च्या सर्क्युलरमध्ये ते स्पष्ट केलंय, स्लिपवर दिसला तर हरकत घ्या.

"ही अटच बेकायदेशीर आहे ना?" असंही विचारतात. त्या भरवशावर राहू नका. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये 3 वर्षं नोकरी करायची अट आणि ती मोडल्यावर 2 लाखांची वसुली दोन्ही योग्य ठरवली.

ज्यांनी अजून सही केली नाही त्यांनी बोनस शेवटी मिळणारा आहे का हे आधी विचारा, म्हणजे वर्षाअखेरीला 40 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 60 असं काही. त्यात परत करायची वेळच येत नाही, धोका वेगळा असतो, "पेमेंटच्या तारखेला रोलवर आणि नोटीस पिरियडमध्ये नसलेला" अशी ओळ असते, त्यामुळे पैसे खात्यात आल्याशिवाय राजीनामा टाकू नका. आगाऊ देत असतील तर "नेट ऑफ टॅक्स, महिन्यांच्या प्रमाणात, आणि कंपनीने कमी केलं तर वसुली नाही" एवढं लिहून मागा. माझ्या पाहण्यात यातलं प्रमाणाचं बऱ्याच कंपन्या मान्य करतात, नेटचं फार कमी.