"फरक पडना नही" म्हणणाऱ्या आक्का आणि दम्याचं बायोलॉजिक इंजेक्शन

डिसेंबरचा मधला आठवडा, जळगावात सकाळी चांगलीच थंडी, ओपीडी फुल. चोपड्याकडच्या एका खेड्यातल्या आक्का, वय पन्नाशीच्या आसपास, चौथ्या इंजेक्शनला आल्या होत्या. सोबत मुलगा, तो सुरतला कापड मार्केटमध्ये कामाला आणि इंजेक्शनचा खर्च तोच करतो. बसल्या बसल्या आक्का म्हणाल्या, "डॉक्टर, माले काहीच फरक पडना नही. बंद करा हाई सुई. पोऱ्याना पैसा जास."

मुलगा खाली मान घालून बसलेला. त्याला वाईट वाटत होतं पण आईचं म्हणणं खरंच असेल तर त्याला एवढा पैसा घालवायचाही नव्हता. आणि खरं सांगायचं तर निर्णय घ्यायची वेळ तीच होती, कारण हे इंजेक्शन सुरू करताना आम्ही ठरवूनच ठेवतो की साधारण चार महिन्यांनी बसून हिशोब करायचा. फायदा असेल तर पुढे, नसेल तर बंद किंवा दुसरं औषध, अर्धवट वाटलं तर सहा महिने ते वर्षभर अजून बघायचं.

त्या दिवशी काय झालं ते सांगायच्या आधी त्यांना इंजेक्शनसाठी निवडलं कसं ते सांगतो, कारण तिथेच बरेच पेशंट हुकतात.

आक्कांचा दमा लहानपणापासूनचा नाही, चाळिशीच्या सुमारास सुरू झालेला. नाकात पॉलिप म्हणजे मांस वाढलेलं, त्याचं ऑपरेशन झालेलं, वास येणं कधीच बंद. मोठ्या वयात लागलेला दमा, नाकात पॉलिप आणि वारंवार स्टेरॉइडच्या गोळ्या, हे तिन्ही एकत्र दिसलं की माझ्या डोक्यात इओसिनोफिलिक दमा येतोच, म्हणजे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमुळे श्वासनळी सुजणारा दमा. आदल्या वर्षात चार वेळा जास्त डोसचा स्टेरॉइडचा कोर्स झालेला, त्यात दोनदा ॲडमिट, आणि एरवीही रोज 15 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन चालूच. साखर वाढायला लागलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू.

पण हातातल्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल फक्त 1 टक्का, ॲब्सोल्युट काउंट 90. त्यावरून त्यांना आधी सांगितलेलं होतं की तुमचा दमा त्या प्रकारचा नाही, इंजेक्शनचा उपयोग नाही. आता गंमत म्हणून नाही, अगदी गंभीरपणे सांगतो, रोज प्रेडनिसोलोन खाणाऱ्या माणसाच्या रक्तातला हा काउंट बघून "नाही" म्हणता येत नाही, कारण ती गोळी रक्तातले इओसिनोफिल खाली पाडतेच. म्हणून मी जुने कागद मागतो. त्यांच्या मेडिकलच्या प्लास्टिक पिशवीत नाकाच्या ऑपरेशनच्या वेळचा सीबीसी सापडला, तेव्हा रोजची गोळी नव्हती. एकूण पांढऱ्या पेशी 9,600, त्यात इओसिनोफिल 9 टक्के. गुणाकार करा, 864. टक्का नाही, हा आकडा बघायचा. मग गोळी जपून 10 मिलिग्रॅमपर्यंत आणून दोन आठवड्यांनी परत रक्त तपासलं तर 328 आला, आणि त्याच आठवड्यात धाप वाढल्यामुळे गोळी परत 15 करावी लागली. रोजची गोळी चालू असताना 150 च्या वर किंवा वर्षभरात कधी 300 च्या वर, असा काउंट या औषधांसाठी साधारण धरतात, आणि जितका जास्त तितकी फायद्याची शक्यता जास्त.

तरी लगेच इंजेक्शन नाही. आधी पंप. आक्कांना माझ्यासमोर रोटाहेलर घ्यायला लावला. कॅप्सूल नीट फोडली, पण ओढताना इतक्या हळू ओढलं की पावडर अर्धी आतच राहिली, कॅप्सूल उघडून दाखवली तर पांढरी दिसत होती. स्पेसरवर आणलं, आणि घरच्यांना मेडिकलची बिलं आणायला सांगितली, कारण "रोज घेते" हे सगळेच म्हणतात, पण महिन्याला पंप संपतो की नाही ते बिल सांगतं. दोन महिने जास्त ताकदीचा पंप नीट घेऊन, पऱ्हाटीच्या चुलीवरून गॅसवर येऊनही अटॅक आला, तेव्हा कुठे पुढचा विचार. अर्ध्याअधिक "हट्टी" दम्याचं उत्तर याच पायरीवर सापडतं असं माझं मत आहे, आणि तिथे इंजेक्शन देणं म्हणजे त्या कुटुंबावर अन्याय.

आणि आपल्याकडे इओसिनोफिल वाढायला दमा हे एकच कारण नसतं. जंत बघायचे, कारण या पेशी जंताशी लढतात आणि आपण त्याच संपवणार, म्हणून जंताचा उपचार आधी. काउंट हजारोंमध्ये असेल तर फायलेरियाचा विचार. ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जी तपासायची. पाय बधिर होणं, अंगावर पुरळ असं काही असेल तर तो रक्तवाहिन्यांचा वेगळा आजार असू शकतो. आक्कांच्या तपासण्यांत यातलं काहीच निघालं नाही.

औषध निवडलं बेनरालिझुमॅब. हे इओसिनोफिलच्या अंगावरच्या रिसेप्टरला चिकटतं आणि शरीराच्याच मारक पेशींना ती पेशी संपवायला लावतं. 30 मिलिग्रॅम कातडीखाली, पहिली तीन इंजेक्शनं चार-चार आठवड्यांनी, नंतर आठ आठवड्यांनी एक. महिन्याला एक घ्यावं लागणारं मेपोलिझुमॅबही चाललं असतं, पण चोपड्याकडून येणं आणि मुलाचा खिसा बघून हे बरं वाटलं. पहिलं इंजेक्शन ऑगस्टच्या शेवटी दिलं, आणि ते मुद्दाम, कारण त्यांचे दोन्ही ॲडमिशन कापूस वेचणी ते थंडी या काळातले होते. उन्हाळ्यात सुरू केलं असतं तर चार चांगले महिने औषधाचे की हवेचे हे कळलंच नसतं.

आता त्या दिवसावर येतो. मुलाने विचारलं, "साहेब, रक्तात तर ती पेशी शून्य आली ना, मग औषध लागू पडलंच की?" हा प्रश्न खूप जण विचारतात. या औषधाने काउंट जवळपास सगळ्यांचाच शून्यावर जातो, ज्याला फायदा होत नाही त्याचाही. माझ्याकडे एक पेशंट होते, काउंट शून्य आणि तरी दर महिन्याला कफ, ताप, धाप. त्यांच्या सीटी स्कॅनमध्ये श्वासनळ्या रुंदावलेल्या निघाल्या, त्रास जंतुसंसर्गाचा होता, त्यांचं आम्ही बंद केलं. शून्य म्हणजे औषध शरीरात पोचलं एवढंच.

मग काय बघायचं? अटॅक किती, गोळी किती कमी झाली, लक्षणं, आणि फुंकायची टेस्ट, आणि माझ्यासाठी महत्त्वही याच क्रमाने. आक्कांना चार महिन्यांत एकही अटॅक नाही, तोही त्यांच्या सगळ्यात वाईट सीझनमध्ये. नेब्युलायझर कपाटात. गोळी दुसऱ्या इंजेक्शननंतर दर पंधरा दिवसांनी अडीच-अडीचने उतरवत 5 वर आणली, तिथे महिनाभर थांबवली, आणि शेवटचे दोन आठवडे 2.5. फुंकायच्या टेस्टमध्ये एफईव्ही-वन, म्हणजे पहिल्या सेकंदात जोरात बाहेर फेकलेली हवा, 1.18 लिटरवरून 1.34, म्हणजे वाढ थोडीच, एवढा फरक आज-उद्याच्या फुंकण्यातही पडू शकतो, त्यावर मी उडी मारत नाही.

मग दमा किती कंट्रोलमध्ये आहे ते मोजणारा पाच प्रश्नांचा एसीटी फॉर्म भरून घेतला, जितके गुण जास्त तितकं चांगलं. सुरुवातीला 25 पैकी 8 होते, आता 16. तीन गुणांचा फरक खरा मानतात, पण 19 पर्यंत दमा कंट्रोलमध्ये नाही असंच धरतात. मी बेरीज सोडून एकेक उत्तर बघितलं. रात्री उठणं, 5 पैकी 5. तातडीचा पंप, 5 पैकी 5. धाप, 3. पण कामात अडचण 2 आणि "एकूण कसं वाटतं" याला 1. रात्रभर शांत झोपणाऱ्या, तातडीचा पंप न लागणाऱ्या बाईला एवढं वाईट का वाटावं?

विचारलं, आक्का, नेमकं काय होतं? म्हणाल्या, अंग मोडून येतं, सांधे दुखतात, जेवण नको वाटतं, भाकरी थापता थापता उठलं की डोळ्यापुढे अंधारी. कधीपासून? "पंधरा दिन व्हई ग्यात." गोळी 2.5 केली तेव्हापासूनच. बसून बीपी वरचं 124, उभं केल्यावर 104. छाती स्वच्छ, शिट्टी नाही.

हा दमा नव्हता. वर्षानुवर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळालं की आपली ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं जवळपास सोडून देते आणि गोळी शरीराच्या रोजच्या गरजेच्या खाली गेली की असा त्रास सुरू होतो. इंजेक्शनने श्वासनळी सांभाळली म्हणून तर गोळी इतकी खाली आली होती. म्हणजे ज्या त्रासामुळे त्या "फरक नाही" म्हणत होत्या तो त्रास औषध चालल्यामुळेच समोर आला होता. रात्री जळगावातच नातेवाइकांकडे थांबवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी 8 ला, त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी रक्त घेतलं. कॉर्टिसोल 3.8 मायक्रोग्रॅम. 10 च्या वर असलं तर ग्रंथी जागी झाली असं धरून गोळी सोडता येते, 5 च्या खाली असलं तर गोळी चालू ठेवायची आणि काही महिन्यांनी परत बघायचं. लगेच 5 वर नेलं. चौथं इंजेक्शन दिलं.

आठवड्याने मुलाचा फोन, आई शेतात जाऊन आली, अंधारी नाही. त्यांना मराठीत एक कार्ड लिहून दिलं, पाकिटात ठेवायला: मी बरीच वर्षं स्टेरॉइड घेते, ताप आला तर गोळी दुप्पट, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल किंवा ऑपरेशन असेल तर स्टेरॉइडचं इंजेक्शन द्या, गोळी अचानक बंद करू नका. हे कार्ड सगळ्याच अशा पेशंटकडे असावं असं मला मनापासून वाटतं, कारण गावातल्या डॉक्टरला ही गोष्ट कोण सांगणार?

वास मात्र परत आलेला नाही, ते आक्का दर वेळी सांगतात, भरीत भाजलेलं कळतच नाही म्हणून. पॉलिपवर या औषधाचा परिणाम बेताचा असतो. तेच फार त्रासाचं झालं तर डुपिलुमॅब या दुसऱ्या बायोलॉजिकचा विचार करता येईल, पण दम्याची घडी बसलेली असताना मी घाई करणार नाही. पंपही चालूच आहे, इंजेक्शन मिळतं म्हणून पंप सोडणारे पेशंट हमखास परत येतात.

मार्चमध्ये कॉर्टिसोल 7.2 आला, म्हणजे ग्रंथी हळूहळू उठतेय, आता महिन्याला एकेक मिलिग्रॅम उतरवतोय. मुलाने विचारलं किती वर्षं? त्याला स्पष्ट सांगितलं की या प्रकारची औषधं थांबवल्यावर बऱ्याच जणांचे अटॅक परत सुरू होतात, त्यामुळे ठरावीक कोर्स असा नसतो, वर्षाने परत हाच हिशोब मांडू. तो म्हणाला, चालेल, फक्त तारीख दिवाळीच्या सुट्टीत द्या. दिली.