चार दिवस, रात्री किती?

आज भाचीच्या सहलीचं हॉटेल बुक करत होतो. १२ ते १५ तारीख. ती बोटं मोजत म्हणाली, "मामा, चार रात्री ना?"

दोन्ही टोकं धरली तर दिवस चारच. पण भाडं रात्रीचं असतं: १२, १३, १४ची. १५ला सकाळी खोली सोडायची, ती रात्र आपली नाही. म्हणून सरळ वजाबाकी: १५ वजा १२, तीन.

मला खरी काळजी तिच्या विमानाची होती. ते १२ला पहाटे दोनला उतरतं. लगेच खोली हवी तर चेक-इन ११चं टाकावं लागतं, नाहीतर दुपारपर्यंत लॉबीत ताटकळायचं. तसंच केलं, म्हणजे आता १५ वजा ११, रात्री चार झाल्या. पाहुणी मध्यरात्रीनंतर येईल हेही हॉटेलला कळवलं, नाहीतर आलीच नाही समजून बुकिंग रद्द करू शकतात.