भाच्याच्या नाकातला फवारा आणि माझा डावा हात

खानापुरात पाऊस लागला की आमच्या घरी भिंतींना ओल आणि भाच्याला शिंका एकदमच सुटतात. पोरगं सात वर्षांचं. उठल्या उठल्या आठ-दहा शिंका, दिवसभर तळहाताने नाक वर चोळणं आणि रात्री तोंड उघडं टाकून झोपणं. बेळगावच्या डॉक्टरांनी ॲलर्जी सांगून मोमेटासोनचा फवारा लिहून दिला होता. महिन्याभरात बहिणीचा इकडे इंग्लंडला फोन.

"दादा, बाटली संपली बघ. शिंका तशाच, वर डाव्या नाकपुडीतून रक्त येऊलंय."

माझ्या लेकीला इथे मे-जूनमध्ये गवताच्या परागांचा त्रास होतो. तिचा फवारा घ्यायला गेलो तेव्हा औषधाच्या दुकानातल्या बाईंनी मला रिकामी बाटली हातात धरून करून दाखवायला लावलं होतं. चाळिशीतल्या माणसाची अशी परीक्षा घेतात म्हणून रागच आला होता. त्या दिवशी ती कामाला आली.

आधी हिशेब. बाटलीत 120 फवारे. तीन ते 11 वर्षांच्या मुलाला या औषधाचा प्रत्येक नाकपुडीत एकच फवारा, दिवसातून एकदा. म्हणजे रोज दोन, बाटली 60 दिवस पुरायला हवी. 30 दिवसांत संपली, म्हणजे रोज चार गेले. विचारल्यावर कळलं की भावोजींनाही हेच औषध आहे, नाकपुडीला दोन-दोन, आणि पोरालाही तेच चालू झालं. दोन-दोनचं माप 12 वर्षांपासून पुढचं. भाच्याच्या चिठ्ठीवर एकच लिहिलेला होता, पण चिठ्ठी कपाटात आणि बाटली फ्रीजवर.

पण दुप्पट औषध जाऊनही गुण का नाही? म्हटलं, व्हिडिओ लाव आणि मला दाखव.

बहीण पोरासमोर उभी राहिली, त्याची मान मागे टाकली, उजव्या हाताने दोन्हीकडे मारलं, आणि "ओढ जोरात" म्हणाली. पोराने तोंड वाकडं केलं. सगळं घशात उतरलं होतं. मान मागे टाकली की औषध घशाकडे वाहतं, जोरात ओढलं तरी तेच. त्याला नाकाच्या आतल्या सुजलेल्या त्वचेवर बसून राहायचं असतं.

रक्ताचं कारण मात्र हातात होतं. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याची त्वचा नाजूक असते, त्यावर रोज फवारा आपटला की ती कोरडी पडून रक्त येतं. समोरून उजव्या हाताने मारताना पोराच्या उजव्या नाकपुडीत टोक आपोआप बाहेरच्या बाजूला वळतं. डाव्या नाकपुडीत मात्र तोच हात टोक सरळ पडद्यावर नेतो. म्हणून रक्त डावीकडूनच. स्वतः घेताना उलटा हात वापरायचा असतो, उजव्या नाकपुडीला डावा. समोर उभं राहिलं की हा नियम फिरतो आणि माणूस गोंधळतो. मी तिला पोराच्या मागे उभं राहायला सांगितलं, समोर आरसा. मग जणू स्वतःच्याच नाकात मारतोय, असा हात पडतो.

रक्त येत होतं म्हणून डॉक्टरांना फोन करून त्यांच्या सांगण्यावरून आठवडाभर फवारा बंद ठेवला. नवी बाटली आली तेव्हा पुन्हा व्हिडिओ. बाटली हलवून पत्रकात लिहिल्याप्रमाणे हवेत 10 वेळा दाबली, शेवटी धुक्यासारखा बारीक फवारा आला. पोराने नाक शिंकरलं. हनुवटी थोडी खाली. टोक जेमतेम आत, दिशा त्या बाजूच्या कानाकडे. दाबताना फुलाचा वास घेतल्यासारखा हलका श्वास, मग तोंडाने सोडायचा. टोक फडक्याने पुसून टोपण लावलं. टोक बुजलं तर कोमट पाण्यात धुवायचं, टाचणी घालायची नाही. भोक मोठं झालं की माप बिघडतं.

तिसऱ्या दिवशी परत फोन, "काय फरक नाही की रे." हे औषध नाक मोकळं करणाऱ्या थेंबांसारखं दहा मिनिटांत काम करत नाही. सूज उतरायला काही दिवस लागतात, पुरा गुण यायला दोन आठवडेही. शिंका आल्या त्या दिवशी मारलं आणि थांबल्या की सोडलं, तर हाती काही लागत नाही. उलट ते थेंबच रोज टाकत राहिलं तर नाक आणखी चोंदतं.

औषध स्टेरॉईड आहे म्हणून आमच्या आईला धास्ती. रक्तात फार थोडं जातं, तरी काही मुलांची उंची किंचित हळू वाढू शकते. त्यामुळे महिनोन् महिने चालवायचं असेल तर डॉक्टर उंची मोजत राहतात आणि गुण आला की कमीत कमी मापावर ठेवतात. आईने दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवलीय.

आता तो तोंड मिटून झोपतो. बाटलीवर बहिणीने सुरुवातीची तारीख लिहिली, 5 जुलै. म्हणजे 2 सप्टेंबरच्या आसपास संपायला हवी. त्याआधी संपली तर फोन मी करणार आहे, भावोजींना.